किलो की लिटर?

"केंद्र २३ : लिटरच्या रकान्यात किलो लिहितात. १.०३ ने भागायचं. सचिवांना तीनदा सांगून झालंय, फरक नाही."

कार्यभार सोपवण्याच्या टिपणातली ही एक ओळ. ती लिहिणाऱ्या बाई महिनाअखेरीला दुसऱ्या कार्यालयात रुजू होणार आहेत आणि त्यांच्या खुर्चीवर येणाऱ्या मुलाने अजून एकही संकलन केंद्र पाहिलेलं नाही. ही ओळ लिहायची राहिली असती, तर पुढच्या महिन्यात संघाच्या कागदावर या केंद्राचं दूध तीन टक्क्यांनी वाढलं असतं. एकही म्हैस न वाढता.

पश्चिम महाराष्ट्रातला एखादा मध्यम आकाराचा दूध संघ डोळ्यांसमोर आणावा. गावोगाव मिळून त्याची ६२ संकलन केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्र महिना संपला की एक अहवाल पाठवतं : गाईचं दूध किती, म्हशीचं किती, फॅट काय लागलं, एसएनएफ काय लागलं, दर दहा दिवसांच्या बिलाची रक्कम किती. अहवाल पीडीएफमध्ये येतो. ६२ पीडीएफ गोळा करायच्या, त्यांतले आकडे एका तक्त्यात आणायचे, ते बरोबर आहेत याची खात्री करायची आणि दहा तारखेला तक्ता लेखा विभागाकडे द्यायचा. एवढंच काम. पुढचे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण या अडचणी अशी मासिक गठ्ठ्याची कामं करणाऱ्या कुणालाही ओळखीच्या वाटतील. दुधाऐवजी तिथे पावसाच्या नोंदी असतील, नाहीतर धान्याचा साठा.

नव्या माणसाला टिपण लिहून द्यायचं म्हटलं की बहुतेक जण काय करतात? "मेल उघडा, फाइल उतरवून घ्या, अमुक बटण दाबा, तमुक ठिकाणी साठवा," अशी कृती लिहितात. पाककृती लिहावी तशी. पण स्वयंपाक शिकवणारी बाई फोडणी कशी करायची यापेक्षा फोडणी जळायला लागली की वास कसा येतो हे आधी सांगते. या बाईंच्या टिपणात बटणांना दीड पान मिळालंय आणि बाकीची साडेबारा पानं वासाला.

आलेले आणि न आलेले

पहिला भाग गोळा करण्याचा. इथे चूक काय होणार, असं कुणालाही वाटेल. फाइल आली किंवा नाही आली, दोनच शक्यता. बाईंनी चार लिहिल्या आहेत.

अहवाल आला आणि त्यात दूध आहे. अहवाल आला आणि 'निरंक' आहे, म्हणजे त्या महिन्यात केंद्राने म्हशीचं दूध घेतलंच नाही. अहवाल आला, पण म्हशीचा रकाना कोराच आहे. आणि अहवाल आलाच नाही. तक्त्यात या चारही ठिकाणी शून्य टाकलं तर दिसायला सारखंच दिसतं, अर्थ मात्र चार वेगळे. निरंक हे शून्य आहे, ते केंद्राने स्वतः सांगितलंय. कोरा रकाना म्हणजे विचारायचं राहिलेलं काम आहे. म्हणून बाईंच्या तक्त्यात शून्य फक्त निरंकसाठी येतं. कोऱ्या रकान्यासाठी 'विचारा' आणि न आलेल्या अहवालासाठी 'नाही' असे शब्द लिहिले जातात. शब्द असल्यामुळे बेरीज घेताना ते डोळ्यांना खुपतात, आणि तोच त्यांचा उपयोग.

त्यासाठी आलेल्या फाइली मोजून भागत नाही. आधी ६२ केंद्रांची यादी समोर ठेवायची आणि प्रत्येक क्रमांकापुढे खूण करायची. फोल्डरमध्ये ६२ फाइली असूनही एक केंद्र गायब असू शकतं, कारण दुसऱ्या केंद्राने आपला अहवाल दोनदा पाठवलेला असतो.

दोनदा पाठवण्याच्याही तऱ्हा आहेत. कधी सचिव चूक दुरुस्त करून नवा अहवाल पाठवतात. तेव्हा फाइलीच्या नावात v2 जोडायचं आणि जुनी फाइल ठेवून द्यायची, पुसायची नाही. कधी घाईत मागच्याच महिन्याची फाइल पुन्हा येते. फाइल जशीच्या तशी असेल तर तिचा संगणकीय ठसा, म्हणजे sha256sum ही आज्ञा देते तो लांबलचक आकडा, मागच्या महिन्याच्या ठशाशी तंतोतंत जुळतो. पण केंद्रावरच्या मुलाने तीच फाइल पुन्हा छापून तिची पीडीएफ केली असेल तर ठसा बदलतो आणि ही युक्ती आंधळी होते. अशा वेळी आकडेच बघावे लागतात. ३० दिवसांच्या महिन्यात आणि ३१ दिवसांच्या महिन्यात दूध शेवटच्या लिटरपर्यंत सारखं निघेल, असा योगायोग कुठल्याही गोठ्यात होत नाही.

फाइली केंद्राच्या नावाने नव्हे, क्रमांकाने ठेवायच्या, असंही टिपणात ठळक लिहिलंय. कारण साधं आहे. कुणी 'पिंपळगाव' लिहितं, कुणी 'पिंपळगांव', कुणी पुढे 'बुद्रुक' जोडतं, कुणी नुसतं 'बु.'. माणसाला ही एकच गावं वाटतात, संगणकाला ती चार वाटतात.

कागदाचं चित्र

पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने १९९३ साली बाजारात आणला आणि २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याचा हेतू एकच होता : एका यंत्रावर जसा कागद दिसतो तसाच दुसऱ्या यंत्रावर दिसावा, तसाच छापला जावा. ते काम तो चोख करतो. पण त्यासाठी त्याला तक्ता कळायची गरज पडत नाही. साधारण पीडीएफच्या पोटात 'हा रकाना, ही ओळ' असं काही नसतं. 'हे अक्षर डावीकडून इतक्या अंतरावर, खालून इतक्या उंचीवर' एवढीच नोंद असते. आपल्याला दिसणाऱ्या रेघा या नुसत्या रेघा असतात, त्यांचा आकड्यांशी संबंध नसतो. त्यामुळे पीडीएफमधून तक्ता काढणं म्हणजे भिंतीवर टांगलेल्या चौकटीच्या फोटोवरून घराचं मोजमाप घेण्यासारखं आहे. जमतं, पण अंदाजाने.

या ६२ फाइलींचे तीन प्रकार आहेत आणि फाइल उघडण्याआधी तिचा प्रकार ओळखायचा, असं टिपण सांगतं. त्यासाठी दोन आज्ञा पुरतात.

```
pdffonts 2024-11_17_v1.pdf
pdftotext -layout -enc UTF-8 2024-11_17_v1.pdf
```

पहिली आज्ञा फाइलीतल्या फॉन्टची यादी दाखवते. तिच्यात uni नावाचा एक रकाना असतो. तिथे yes असेल तर फॉन्टमधली अक्षरं युनिकोडमध्ये कशी वाचायची याचा नकाशा फाइलीत आहे, मग दुसरी आज्ञा चालवली की मजकूर बहुधा नीट हाती येतो. तरीही मराठीत एक खोड राहतेच. ऱ्हस्व वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी काढली जाते, म्हणून कधीकधी ती बाहेरही आधीच येते आणि 'किलो'चं 'िकलो' होतं. दिसायला किरकोळ. पण 'किलो' हा शब्द शोधून त्याच्या पुढचा आकडा उचलायला सांगितलेला प्रोग्रॅम तिथे काहीच न सापडून परत येतो.

दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. युनिकोड रुळण्याआधी मराठी टंकलेखनासाठी जे फॉन्ट वापरात होते, त्यांत मराठी अक्षर रोमन अक्षराच्या जागी बसवलेलं असे. पडद्यावर 'म्हैस' सुबक दिसते आणि मजकूर काढला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी हाती येते. टिपणात अशा पाच केंद्रांचे क्रमांक दिले आहेत आणि शेजारी शेरा आहे : "शब्द सोडून द्या. आकडे नीट येतात, रकान्यांचा क्रम ठरलेला आहे." सुज्ञ शेरा आहे हा. खिचडीतून अक्षरं वेचत बसण्यात दोन दिवस गेले असते आणि हवे होते ते फक्त आकडे.

तिसरा प्रकार हाताने भरलेल्या किंवा छापलेल्या कागदाच्या फोटोचा. इथे pdffonts रिकामी यादी दाखवते, कारण फाइलीत अक्षर नाहीच, नुसतं चित्र आहे. मग चित्रावरून अक्षर ओळखावं लागतं. त्यासाठी टेसेरॅक्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो मुळात १९८० च्या दशकात एचपी कंपनीत तयार झाला, २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला, आणि त्याला मराठीही वाचता येते.

```
pdftoppm -r 300 -gray -png 2024-11_08_v1.pdf p08
tesseract p08-1.png p08 -l mar+eng --psm 6
```

छापील कागदाला हे चालतं. हस्ताक्षराला नाही. हाताने भरलेले अहवाल, टिपणानुसार सहा, सरळ दोघांनी बसून टाइप करायचे : एक वाचणार, दुसरा टाइप करणार, मग अदलाबदल करून पुन्हा वाचायचं. यंत्राचा हट्ट इथे धरू नये. आणि फोटो व्हॉट्सॲपवर येत असेल तर सचिवांना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगायचं, कारण नुसता फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि आधीच फिकट असलेला ९ आणखी १ सारखा दिसू लागतो.

बेरीज कुठे कमी पडते

आता आठ नंबरच्या केंद्राचा अहवाल जवळून पाहू. गाईच्या दुधाच्या तीन ओळी आहेत, दहा-दहा दिवसांच्या : ४,१२०, ४,०९५ आणि ४,२६५ लिटर. खाली एकूण १२,४८०. टेसेरॅक्टने वाचलेल्या मजकुरात मधली ओळ आली ४,०१५. तिन्ही ओळींची बेरीज होते १२,४००, खाली छापलंय १२,४८०. फरक ८० चा.

नवखा माणूस इथे सगळे आकडे पुन्हा वाचायला घेतो. बाई आधी फरकाकडे बघतात. ८० म्हणजे दशकाच्या घरात आठचा फरक. देवनागरीत आठने चुकणारी जोडी म्हणजे १ आणि ९. थेट दशकाच्या घरातला १ शोधायचा आणि मूळ चित्राशी ताडून बघायचा. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर टाइप करताना शेजारचे दोन अंक उलटसुलट झाल्याचा संशय घ्यायचा. १२,४८० चं १२,८४० झालं तर फरक ३६० येतो, नऊ चाळ ३६०. जुन्या हिशेबनिसांची ही युक्ती आहे. आणि फरक नेमका ४,२६५ आला, म्हणजे एका अख्ख्या ओळीएवढा, तर ती ओळ वाचलीच गेली नाही. असं बहुतेक वेळा तक्ता दुसऱ्या पानावर गेला की होतं. नव्या पानावरची पहिली ओळ मथळा समजून टाकून दिली जाते.

ओळी अशा गुपचूप गळण्याचं गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या मोजणीतून करोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरली जात होती आणि त्या प्रकारात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. म्हणूनच किती ओळी आत गेल्या आणि किती बाहेर आल्या, हे बाईंच्या तक्त्यात पहिल्याच पानावर असतं.

पण बेरीज ही कसोटी एका ठिकाणी मुकी आहे. फॅटची बेरीज करता येत नाही, ती सरासरी असते. ३.९ चं ३.८ वाचलं गेलं तर कुठलीही बेरीज बिघडत नाही. मर्यादेची चाळणीही लागू पडत नाही. ३९ आलं असतं तर गाय ३९ फॅटचं दूध देत नाही म्हणून लगेच पकडलं गेलं असतं, पण ३.८ आणि ३.९ दोन्ही गाईला शोभणारे आकडे आहेत. आणि दर फॅटवर ठरतो, म्हणजे ही चूक थेट पैशात जाते.

इथे अहवालातला तिसरा आकडा कामी येतो, किलो फॅट. एक लिटर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो भरतं. १२,४८० लिटर म्हणजे १२,८५४ किलो दूध, त्याचे ३.९ टक्के म्हणजे ५०१.३ किलो फॅट. अहवालात तेच छापलेलं आहे. फॅट ३.८ धरलं तर ४८८.५ येतं, जवळजवळ १३ किलोंचा फरक. पकडलं.

फरक कितीपर्यंत चालवून घ्यायचा, हा पुढचा प्रश्न, आणि टिपणाचा सगळ्यात चांगला परिच्छेद यावरच आहे. अहवालात फॅट एकाच दशांशापर्यंत छापतात. ३.९ म्हणजे खरं ३.८५ ते ३.९५ मधलं काहीही असू शकतं. त्यामुळे बरोबर अहवालातही ०.०५ टक्के दुधाच्या वजनाएवढा, म्हणजे इथे साडेसहा किलोंच्या आतबाहेर फरक निघणारच. त्याहून कडक चाळणी लावली तर दर महिन्याला निम्मी केंद्रं विनाकारण अडकतात, मग कंटाळून माणूस इशारे वाचायचंच सोडतो. सैल लावली तर ३.८ सुटून जातं. बाईंनी नुसतं "फरक चालतो" असं न लिहिता तो का चालतो हे लिहिलंय. उद्या केंद्रांनी फॅट दोन दशांशांपर्यंत छापायला सुरुवात केली तर चाळणी दहापट बारीक करायची, हे नव्या माणसाला कुणाला न विचारता कळेल.

बाकीच्या दोन गोष्टी थोडक्यात. आकडे स्वल्पविरामाने तोडलेल्या फाइलीत साठवताना १,२४,८०० चे तीन तुकडे होऊन तीन रकान्यांत जातात, म्हणून आधी आकड्यातले स्वल्पविराम काढायचे. आणि देवनागरी अंक बऱ्याचदा स्प्रेडशीटला आकडे वाटतच नाहीत. ती त्यांना मजकूर समजते आणि बेरजेत मुकाट्याने वगळते. तेही आधीच बदलून घ्यायचे.

मागच्या महिन्याशी तुलना मात्र जपून करायची. हिवाळ्यात म्हशी जास्त व्यायलेल्या असतात, तो पुष्टकाळ, दूध वाढतंच. उन्हाळ्यात कृशकाळ. एप्रिलचा आकडा जानेवारीपेक्षा खूप खाली दिसला म्हणून केंद्राला फोन केला तर सचिव हसतील. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, असं टिपणात आहे. आणि त्यातही शेजारची केंद्रं बघावीत : एका पट्ट्यातली सगळीच खाली असतील तर चाऱ्याचं किंवा आजाराचं कारण असेल, एकटंच केंद्र खाली असेल तर कागदाचं.

सोपवणी

टिपण हातात दिलं की काम सोपवलं, असं बाईंनी मानलं नाही. शेवटच्या महिन्यात नव्या मुलाने टिपण वाचून काम करायचं आणि त्यांनी शेजारी बसून फक्त बघायचं, असं ठरलं. मुलगा जिथे अडून मान वर करी, तिथे त्या उत्तर देण्याआधी टिपणाच्या त्या पानावर पेन्सिलीने खूण करत. चार खुणा झाल्या. एक होती 'v2 आली तर तक्ता पुन्हा करायचा का?' याची. करायचा, आणि लेखा विभागाला आधी दिलेला तक्ता परत घ्यायचा. बाईंना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की लिहायचं सुचलंच नव्हतं.

पासवर्ड टिपणात नाहीत. ते कुणाकडून मिळतील तेवढं आहे. मूळ फाइलींच्या फोल्डरमध्ये कुणालाच काही बदलता येत नाही, अशी सोय करून ठेवली आहे, अगदी बाईंनासुद्धा.

दोन महिन्यांनी मुलगा एकटा तक्ता करत असताना ३१ नंबरचं केंद्र अडकलं. बेरीज बरोबर, फॅट बरोबर, पण किलो फॅटचा हिशेब छापलेल्या आकड्यापेक्षा वर निघत होता. ५,१५० लिटर, फॅट ३.९. हिशेबाने यायला हवं २०६.९, अहवालात २००.९. चालणारा फरक होता २.७ किलो, प्रत्यक्षात सहा. त्याने २०६.९ ला २००.९ ने भागून पाहिलं. १.०३ आलं. त्याने टिपणातलं २३ नंबरचं पान काढलं आणि मग फोन लावला.

"नमस्कार सचिव, एक विचारायचं होतं. या महिन्यापासून दूध लिटरमध्ये लिहिताय की किलोत?"

"लिटरच की हो." पलीकडे जरा वेळ शांतता. "थांबा, काटा नवा आलाय आमचा. तो वजनच दाखवतो. पोरगं तेच लिहीत असणार."

५,१५० भागिले १.०३, बरोबर ५,००० लिटर. सचिवांनी दुरुस्त अहवाल पाठवायचं कबूल केलं, तो तिसऱ्या दिवशी v2 म्हणून आला. मुलाने २३ च्या ओळीखाली तारीख घालून नवी ओळ लिहिली : "केंद्र ३१ : नवा वजनकाटा. पुढचे दोन महिने लिटर-किलो तपासून घ्यावे."